चिवडा हिंदीतून मराठीत येताना

पडद्यावर स्टीलची वाटी दिसते. वाटीत पिवळसर, गुळगुळीत, दुभंगलेल्या दाण्यांचं काहीतरी आहे. खाली उजवीकडे पांढऱ्या अक्षरांत ‘भुनी चना दाल – आधी कटोरी’ असं उमटतं आणि साडेतीन सेकंदांत निघून जातं. स्वयंपाक शिकवणाऱ्या बाई हिंदीत तेच म्हणतात आणि वाटी कढईत रिकामी करतात. हे एवढंसं दृश्य मराठीत आणायचं आहे. त्या वाटीतल्या वस्तूला म्हणायचं काय? भाजलेली चणाडाळ? डाळं? डाळवं? फुटाण्याची डाळ? पंढरपुरी डाळं? महाराष्ट्रात ही सगळी नावं कुठे ना कुठे चालतात. मात्र कुणी नुसतं ‘हरभऱ्याची डाळ’ म्हटलं, तर ऐकणारा कच्च्या डाळीचा डबा उघडेल आणि तो चिवडा कुणाच्या तरी दाढेखाली जाईल.

मालिकेच्या डबिंगमध्ये एखाद्या पात्राच्या तोंडी ‘आलं’ऐवजी ‘अद्रक’ आलं, तरी गोष्ट पुढे सरकते. विदर्भ-मराठवाड्यात तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. प्रात्यक्षिक बघणारा मात्र ऐकता ऐकता उठतो, फडताळ उघडतो आणि हाताला लागेल ते कढईत घालतो. त्याच्याकडे माहिती तीन वाटांनी येत असते: चित्र, आवाज आणि पडद्यावरची अक्षरं. तिन्ही एकाच वस्तूकडे बोट दाखवत असतील तर तो विचार न करता पुढे जातो. आवाज ‘दाणे’ म्हणतोय, अक्षरं ‘शेंगदाणे’ म्हणतात आणि चित्रात काजूसुद्धा आहेत, असं झालं की तो थांबतो, मागे जातो, पुन्हा बघतो. तोवर घरच्या कढईतली मोहरी जळलेली असते.

उदाहरणासाठी मुरमुऱ्याच्या चिवड्याचं सात मिनिटांचं हिंदी प्रात्यक्षिक घेऊ. मुद्दाम घरचाच पदार्थ निवडला आहे. थाई करी असती तर शिकवणाऱ्याने सांगितलेलं नाव प्रेक्षकाने मुकाट्याने मान्य केलं असतं. चिवड्याच्या बाबतीत महाराष्ट्रातलं प्रत्येक घर स्वतःला जाणकार समजतं आणि दुसऱ्या जिल्ह्याचा शब्द ऐकला की लगेच ‘हे आपल्याकडचं नाही’ असा शेरा मारून मोकळं होतं. त्या हिंदी चित्रफितीत पडद्यावर येणारी अक्षरं अशी: मुरमुरे, मूँगफली, भुनी चना दाल, सूखा नारियल, करी पत्ता, राई, साबुत धनिया, हल्दी, लाल मिर्च पाउडर, पिसी चीनी, नमक. शेवटी वाढताना वरून प्याज आणि हरा धनिया.

यातले बरेचसे शब्द भांडत नाहीत. हल्दी म्हणजे हळद, राई म्हणजे मोहरी, पिसी चीनी म्हणजे पिठीसाखर, प्याज म्हणजे कांदा. कटोरीची वाटी होते, छोट्या चम्मचचा लहान चमचा होतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते. १९७०मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचं माप मराठी स्वयंपाकघरांत इतकं रुळवलं आहे, की ग्रॅमपेक्षा वाटीच पटकन कळते. खरं काम उरलेल्या सहा-सात नावांवर करावं लागतं.

ते काम कुठे बिघडतं, हे आधी सांगायला हवं, कारण बिघडण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. हिंदी संवाद उतरवून ती संहिता मराठी लेखकाकडे जाते. पडद्यावरच्या अक्षरांची यादी वेगळी काढून ती ग्राफिक्स करणाऱ्याकडे जाते. दोघे दोन जागी बसलेले, बहुधा दोन गावचे. दोघांचंही मराठी चांगलं असतं आणि दोघांचेही शब्द आपापल्या जागी बरोबर असतात. लेखक ‘दाणे’ लिहितो, ग्राफिक्सवाला ‘शेंगदाणे’ लिहितो. लेखकाला संहितेत ‘धनिया’ हा शब्द दोनदा दिसतो, तो दोन्हीकडे ‘धने’ लिहून मोकळा होतो, कारण त्याच्यासमोर कागद आहे, चित्र नाही. हिंदीत बी आणि पाला दोन्ही धनियाच; आपल्याकडे बी म्हणजे धने आणि पाला म्हणजे कोथिंबीर. आता फोडणीत धने पडले ते बरोबर, पण शेवटी बाई हिरवागार पाला भुरभुरवताहेत आणि मराठी आवाज म्हणतो, ‘वरून थोडे धने घाला.’

म्हणून भाषांतराच्याही आधी एक तक्ता करावा लागतो. त्यात वेळ, हिंदीत बोललेला शब्द, हिंदीत लिहिलेला शब्द, मराठीत बोलायचा शब्द आणि मराठीत लिहायचा शब्द असे रकाने असतात. पण सगळ्यांत मोलाचा रकाना मधला, जो बऱ्याच तक्त्यांत नसतोच: चित्रात प्रत्यक्ष काय आहे? तो रकाना स्वयंपाक करणाऱ्या माणसाने, चित्र थांबवून, मोठ्या पडद्यावर भरायचा. आपल्या वाटीपुढे तिथे असं लिहिलं जाईल: ‘सालं काढलेलं, भाजलेलं, दुभंगलेलं डाळं. कच्ची डाळ नाही. सालासकट फुटाणे नाहीत.’ हे एकदा कागदावर आलं की पुढचा वाद निम्म्याने कमी होतो.

उरलेला वाद नावांचा. इथे मला एक सोपा नियम उपयोगी वाटतो. चित्र पाहून वस्तू ओळखू येते का? येत असेल तर नाव कुठलंही चालेल. येत नसेल तर नाव कडक ठेवावं लागतं. प्रमाण मराठी कोणती आणि बोली कोणती, हा प्रश्न मग आपोआप मागे पडतो.

मुरमुऱ्यांपासून सुरुवात करू. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात मुरमुरे. पुणे, सातारा, कोल्हापूरकडे चुरमुरे. मुंबई आणि कोकणपट्टीत कुरमुरे. या सीमा काही रेघ मारून दाखवता येत नाहीत, एकाच घरात सासूचं एक आणि सुनेचं एक असंही असतं. पण परातभर मुरमुरे पडद्यावर दिसत असताना त्यांना काहीही म्हटलं तरी कुणी चुकून पोहे आणणार नाही. तेव्हा इथे निवड दुसऱ्याच कारणाने करता येते, ते म्हणजे ओठांच्या हालचालीने. बाई कॅमेऱ्याकडे बघून पदार्थाचं नाव सांगतात तेव्हा ‘म’ म्हणताना त्यांचे ओठ दोनदा मिटतात. ‘चुरमुरे’ आणि ‘कुरमुरे’ म्हटलं तर पहिल्यांदा ओठ मिटतात आणि आवाज मात्र उघड्या तोंडाचा येतो. जवळून घेतलेल्या चित्रात हे खटकतं. ‘मुरमुरे’ म्हटलं तर ओठ, अक्षरं आणि अर्ध्याहून मोठा महाराष्ट्र, तिन्ही जमतात. पुणेकर थोडे कुरकुरतील. त्यांना पुढे जागा देता येते.

ती जागा म्हणजे हाताचं दृश्य. प्रात्यक्षिकात चेहरा दिसतो तो सुरुवातीला, शेवटी आणि मध्येच कधीतरी. उरलेला बहुतेक वेळ कॅमेरा वरून कढईवर रोखलेला असतो. तिथे ओठ नाहीत, त्यामुळे शब्दांची लांबी जुळवायची सक्ती नाही. फक्त हाताची क्रिया चालू असताना बोलणं संपलं पाहिजे. बाई परातीतले मुरमुरे मंद आचेवर परततात, त्याला चांगली पंधरा-वीस सेकंदं जातात आणि मूळ हिंदीत तिथे निम्मा वेळ शांतताच असते. तिथे मराठी आवाज आरामात म्हणू शकतो, ‘मुरमुरे म्हणा, चुरमुरे म्हणा, कुरमुरे म्हणा, चिमटीत धरल्यावर कुरकुरीत मोडले पाहिजेत.’ पर्यायी नावं सांगायची ती अशा जागी. चेहरा दिसत असताना ‘म्हणजेच’, ‘अर्थात’, ‘ज्याला काही भागांत’ अशी शेपटी लावली, की बाईंचं तोंड मिटल्यावरही आवाज चालूच राहतो.

आता डाळं. हा या चिवड्यातला सर्वांत धोक्याचा शब्द. डाळ आणि डाळं यांच्यात लिहिताना फरक आहे तो एका टिंबाचा. वाटीत ठेवलेलं डाळं आणि कच्ची हरभरा डाळ मोबाइलच्या पडद्यावर जवळजवळ सारखीच दिसतात; डाळं किंचित फिकं आणि फुगीर असतं, पण पिवळ्या दिव्याखाली तेही कळत नाही. म्हणजे इथे चित्र मदतीला येत नाही. कृतीतही डाळं तेलात जेमतेम अर्धा मिनिट असतं, कारण ते आधीच भाजलेलं आहे, जास्त ठेवलं तर करपतं. त्या अर्ध्या मिनिटात कच्ची डाळ दगडासारखीच राहते. भिजवून तळलेली हरभरा डाळ घालतात असेही चिवडे आहेत, पण ती कृती वेगळी आणि या बाई ती दाखवत नाहीत.

हिंदी अक्षरं इथे मराठी माणसाला आणखी गोत्यात आणतात. लिपी एकच असल्यामुळे तो ‘भुनी चना दाल’ सहज वाचतो. ‘चना दाल’ त्याला कळतं, ‘भुनी’वरून नजर घसरते. आवाजाने नुसतं ‘डाळं’ म्हटलं तर त्याचे कान आणि डोळे दोन वेगळ्या डब्यांकडे जातात. म्हणून मी इथे ‘भाजकं डाळं’ असा जोडशब्द घेईन. आणि योगायोगाने तो मापातही बसतो: ‘भुनी चना दाल’ बोलायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच ‘भाजकं डाळं’ला, थोडं सावकाश म्हटलं की झालं. पुढे हाताचं दृश्य आलं की ‘चिवड्यात घालतो ते, पंढरपुरी डाळं किंवा डाळवं’ एवढं जोडून द्यायचं. वाण्याकडे जाऊन ‘चिवड्याचं डाळं द्या’ म्हटलं तर तो दुसरं काही तोलणार नाही. शब्द पारखायला वाण्याइतका चांगला परीक्षक नाही. शब्दकोशात काय लिहिलंय यापेक्षा तो शब्द ऐकून दुकानदार कुठल्या पोत्यात हात घालतो, हे बघावं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. एका वस्तूला कुठे काय म्हणतात हे त्यात नकाशावर पाहायला मिळतं. असे नकाशे पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते: ‘विदर्भात असं म्हणतात’ हे विधान बहुतेक वेळा ढोबळ असतं. तरी डबिंगच्या खोलीत ढोबळ विधानांवरच काम करावं लागतं. म्हणून मग कुठला शब्द सगळीकडे म्हणतात हे शोधण्यापेक्षा कुठला शब्द सगळीकडे कळतो हे शोधणं बरं. ‘शेंगदाणे’ याचं चांगलं उदाहरण आहे. नागपूरकडे घरात ‘फल्ली’ म्हणतील, पुण्यात नुसतं ‘दाणे’ म्हणतील, पण ‘शेंगदाणे’ ऐकून कुणालाच अडत नाही. ‘दाणे’ मात्र अडू शकतं: तुरीचे दाणे, पावट्याचे दाणे, मटारचे दाणे. चित्रात शेंगदाणे स्पष्ट दिसतात, त्यामुळे इथे धोका नाही. पण निष्कारण आखूड शब्द घेण्यातही काही फायदा नाही.

खोबऱ्याची गोष्ट वेगळी. हिंदी बाई ‘सूखा नारियल’ म्हणतात, त्यात सुकेपणा नावातच आहे. मराठीत लेखक सहज ‘खोबरं’ लिहून पुढे जातो. घाटावर खोबरं म्हटलं की सुक्या खोबऱ्याची वाटी डोळ्यांसमोर येते. कोकणात मात्र खोबरं म्हणजे ताजा फोडलेला, खवलेला नारळही असतो आणि रोजच्या जेवणात तोच जास्त. ओल्या नारळाचे काप तेलात तांबूस करता येतात, दिसायलाही छान होतात, म्हणून चूक तेव्हा कळत नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडला की कळते: मुरमुरे सादळलेले आणि आणखी दोन दिवसांनी खवट वास. कढईजवळ उभं राहून चूक ओळखता येत नाही, अशा ठिकाणी विशेषण कधीच गाळू नये. ‘सुकं खोबरं’ आवाजातही आणि अक्षरांतही.

लाल मिर्च पाउडरचं ‘लाल तिखट’ करावं, ‘चटणी’ नव्हे, हे कोल्हापूर-साताऱ्याबाहेरच्या वाचकाला सांगायचीही गरज वाटणार नाही. पण त्या भागात लाल मसाल्याला चटणीच म्हणतात, आणि तिथला कांदा-लसूण मसाला म्हणजे नुसती मिरचीपूड नसते. त्यात मीठ असतं, तेल असतं, परतलेला कांदा आणि लसूण असतो. तिथल्या आवाजाच्या कलाकाराने ध्वनिमुद्रणात सवयीने ‘एक चमचा चटणी’ म्हटलं, आणि अक्षरांत ‘लाल तिखट’ राहिलं, तर प्रेक्षक कुणाचं ऐकणार? चटणी घातली तर चिवडा दुप्पट खारट होईल आणि ओलसरही. उलट ‘मिरची पूड’ म्हटलं तर काही जण मिरीपूड ऐकतात. ‘लाल तिखट’ हाच शब्द सगळ्यात निर्धोक.

कढीपत्त्याच्या बाबतीत धोका स्वयंपाकघरात नाही, टंकलेखनात आहे. जुन्या पुणेरी घरांत ‘कढीलिंब’ म्हणतात, विदर्भात ‘गोडलिंब’. दोन्ही सुंदर शब्द आहेत. पण ‘कढीलिंब’ हा शब्द ज्याने कधी ऐकलेला नाही असा ग्राफिक्सवाला तो ‘दुरुस्त’ करून ‘कडुलिंब’ लिहू शकतो, आणि पडद्यावर चिवड्यात कडुलिंबाची पानं पडतात. ‘कढीपत्ता’ घेतला की हा प्रश्न उरत नाही, शिवाय हिंदी ‘करी पत्ता’शी तो जवळजवळ तंतोतंत जुळतो.

आणि शेवटची कोथिंबीर. विदर्भात तिला ‘सांबार’ म्हणतात. नागपूरची सांबारवडी महाराष्ट्रभर माहीत आहे. तरी सगळ्या राज्यासाठी एकच चित्रफीत करायची असेल तर अक्षरांत ‘सांबार’ लिहिता येत नाही, कारण मुंबईत आणि पुण्यात तो इडलीबरोबर येतो. फक्त विदर्भासाठी वेगळी आवृत्ती होणार असेल तर मी बिनदिक्कत ‘सांबार’ घेईन, मात्र मग आवाजातही आणि अक्षरांतही.

इथवर शब्द ठरले. आता ते पडद्यावर लिहायचे. अक्षरं आणि आवाज जुळायला हवेत असं म्हणताना मराठीची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. आपण बोलताना नावाला प्रत्यय लावतो आणि नाव बदलून जातं. पडद्यावर ‘सुके खोबरे’ असतं आणि आवाज म्हणतो ‘सुक्या खोबऱ्याचे काप’. पडद्यावर ‘कोथिंबीर’, आवाजात ‘कोथिंबिरीने सजवा’. चांगलं वाचता येणाऱ्याला यात काहीच वाटत नाही. पण एक हात कणकेत, डोळा अर्धा कढईवर, असं वाचणाऱ्याला अक्षर आणि उच्चार एकमेकांशी लावायला वेळ लागतो. उपाय सोपा आहे: अक्षरं उमटतात त्या क्षणी नाव मूळ रूपात बोलायचं. ‘सुकं खोबरं, अर्धी वाटी.’ एवढं झालं, अक्षरं गेली, की मग ‘या खोबऱ्याचे पातळ काप करून घ्यायचे’ असं हवं तेवढं मोकळं बोलावं. संहिता लिहितानाच अक्षरांची वेळ समोर असेल तर हे जमतं. नंतर जुळवायला गेलं तर वाक्यं लंगडतात.

दुसरा प्रश्न टिंबाचा. तोंडाने आपण खोबरं, जिरं, डाळं म्हणतो. छापताना खोबरे, जिरे, डाळे लिहिण्याची रीत आहे. जुळायला हवं म्हणून पडद्यावरही ‘डाळं’ लिहावं, असं पहिल्यांदा वाटतं. पण छोट्या पडद्यावर, दाबून लहान केलेल्या चित्रफितीत, चमकत्या तेलाच्या पार्श्वभूमीवर अनुस्वाराचं टिंब पहिल्यांदा नाहीसं होतं. ‘खोबरं’चं ‘खोबर’ झालं तर हसून सोडता येईल. ‘डाळं’चं ‘डाळ’ झालं तर दुसरीच वस्तू होते. शिरोरेषेच्या वर चढलेली मात्रा टिंबापेक्षा कितीतरी ठसठशीत दिसते. म्हणून अक्षरांत सगळीकडे ‘भाजके डाळे’, ‘सुके खोबरे’ आणि आवाजात सगळीकडे ‘भाजकं डाळं’, ‘सुकं खोबरं’ हा भेद मी मान्य करीन. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मराठी माणसाला या भेदाची सवय असते, तो त्याला विसंगती म्हणत नाही. आणि टिंबावर भिस्त ठेवायला नको म्हणून ‘भाजके’ हे विशेषण हवंच: मात्रा पुसली गेली तरी ‘भाजक’ एवढं वाचून माणूस सावध होईल.

अक्षरजुळणीच्या संगणकी कटकटी वेगळ्याच. ज्या संपादन-प्रणालीत भारतीय लिप्यांची जुळणी नीट लावलेली नसते, तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि ‘ऱ्या’चा फुटलेला तुकडा दिसतो. ‘खोबऱ्याचे काप’ ऐवजी ‘सुके खोबरे (काप)’ असं लिहिण्याचं एक कारण तेही आहे. अक्षरं टाकून झाली की चित्र थांबवून ‘मिरची’, ‘पिठीसाखर’ आणि ‘कोथिंबीर’ हे तीन शब्द तपासावेत. वेलांट्या मोडणार असतील तर याच तीन ठिकाणी मोडतात.

आतापर्यंत आपण असं धरून चाललो की अक्षरं बदलता येतात. ते नेहमी खरं नसतं. मूळ निर्मात्याकडे अक्षरांशिवायची स्वच्छ प्रत असेल तर उत्तम. नवी मराठी अक्षरं त्याच जागी, तेवढ्याच वेळाला बसवायची. ती प्रत नसेल तर हिंदी अक्षरांवर रंगीत पट्टी टाकून तिच्यावर मराठी लिहितात. पट्टी वाईट दिसते, आणि वाफ किंवा हात तिच्याखालून सरकला की आणखीच, पण चालते. मात्र काही वेळा चित्राला हातच लावता येत नाही. २०२३पासून यूट्यूबवर एकाच चित्रफितीला वेगवेगळ्या भाषांचे आवाज जोडण्याची सोय मिळू लागली. प्रेक्षक मराठी आवाज निवडतो, चित्र मात्र तेच राहतं आणि त्यावरची हिंदी अक्षरंही. इथे आवाजाला अक्षरांचं काम करावं लागतं. ‘राई’ दिसत असताना नुसतं ‘मोहरी’ म्हणून भागत नाही. ‘राई, म्हणजे मोहरी’ म्हणावं लागतं. ‘भुनी चना दाल’ दिसत असताना ‘भाजकं डाळं, कच्ची डाळ नाही’ असं स्पष्ट सांगावं लागतं. वाटी कढईत रिकामी होईपर्यंत एवढ्या शब्दांना वेळ मिळतो. चेहऱ्याच्या दृश्यात मिळाला नसता. शिवाय मराठी उपशीर्षकं जोडता येत असतील तर त्यांत या नावांपुरती तरी सोय करून ठेवावी.

आवाजाची एक अडचण स्वयंपाकाच्या चित्रफितींना खास आहे. चित्रपटाला संवादाशिवायचा, नुसत्या संगीताचा आणि आवाजांचा वेगळा पट्टा असतो. प्रात्यक्षिकात बाईंच्या पदराला लावलेल्या माइकमध्येच मोहरी तडतडते. हिंदी बोलणं काढलं की तडतडही जाते. मग कुणीतरी खरोखर फोडणी करून तो आवाज पुन्हा टिपतो, किंवा हिंदी आवाज अगदी बारीक ठेवून त्यावर मराठी बोलतात. दुसरी पद्धत स्वस्त, पण तिच्यात हिंदी ‘धनिया’ कानाच्या एका कोपऱ्यात ऐकू येतच राहतो, आणि आवाज-अक्षरं जुळवण्याच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं. निदान घटकांची नावं येतात त्या क्षणांना तरी हिंदी पूर्ण मिटवावं.

सगळं झाल्यावर तपासणी. स्टुडिओतली माणसं चित्रफीत इतक्यांदा बघून बसलेली असतात की त्यांना चुका दिसत नाहीत. तपासायला कोल्हापूर, नागपूर, रत्नागिरी, जळगाव अशा चार ठिकाणची, आणि संहिता न वाचलेली माणसं हवीत. त्यांना ‘कशी वाटली?’ असं विचारू नये, सगळे चांगलीच म्हणतात. एकदाच दाखवून, न थांबवता, त्यांना वाणसामानाची यादी लिहायला सांगावी. चार याद्या शेजारी ठेवल्या की दोष बोलके होतात. रत्नागिरीच्या यादीत ‘नारळ – १’ आला असेल तर ‘सुकं’ हा शब्द ऐकू गेलेला नाही किंवा दिसलेला नाही. कुणी ‘चणाडाळ – पाव किलो’ लिहिलं तर डाळ्याचं दृश्य पुन्हा ध्वनिमुद्रित करावं लागेल. मुरमुऱ्यांना चौघांनी तीन नावं लिहिली तर काहीच करायची गरज नाही.

मग उरतं शेवटचं पान, सगळ्या घटकांची यादी, जी आठ-दहा सेकंद पडद्यावर राहते. तिचा फोटो काढून लोक दुकानात घेऊन जातात. तिथे आवाज नसतो, चित्र नसतं, म्हणून ही एकच जागा अशी की जिथे कंसात दुसरं नाव लिहायला हवं आणि लिहायला जागाही असते: मुरमुरे (चुरमुरे, कुरमुरे), भाजके डाळे (डाळवे, पंढरपुरी डाळे), कोथिंबीर (सांबार). मात्र पहिलं नाव तेच हवं जे चित्रफितीत दिसलं आणि ऐकू आलं. इथे अचानक ‘चुरमुरे’ आधी लिहिले की लोक दोन वस्तू समजतात. घटकांचा क्रमही ते कढईत पडतात तोच ठेवावा.

परदेशातल्या मराठी घरांसाठी या यादीखाली आणखी एक ओळ लागते. तिथल्या भारतीय दुकानांत बऱ्याच पाकिटांवर गुजराती नावं इंग्रजी अक्षरांत असतात. मुरमुरे ‘ममरा’ या नावाने मिळतात, ते पारदर्शक पिशवीतून दिसतातच. डाळं मात्र ‘दालिया’ म्हणून विकतात, आणि हिंदीत दलिया म्हणजे गव्हाचा भरडा, त्याचंही स्पेलिंग तेच. पाकीट उचलून आत बघावं: दुभंगलेले पिवळे दाणे असतील तर घ्यावं, तपकिरी कण्या असतील तर परत ठेवावं.